मोकळ्या जागांची एकच यादी: फर्स्ट फिट, बेस्ट फिट, वर्स्ट फिट आणि त्यानंतरचे कॉम्पॅक्शन

सांगलीत ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय शिकवताना मला दरवर्षी एक गोष्ट दिसते. फर्स्ट फिट, बेस्ट फिट आणि वर्स्ट फिट यांच्या व्याख्या बहुतेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात, तरीही गणित सोडवताना तिसऱ्या-चौथ्या प्रोसेसपाशी उत्तर चुकते. चूक व्याख्येत नसते, ती यादीत असते. एका होलमध्ये, म्हणजे मेमरीतल्या मोकळ्या जागेत, प्रोसेस ठेवल्यावर तिथे उरलेली जागा नव्या आकाराने यादीत लिहायची राहून जाते आणि पुढची प्रोसेस जुन्या आकड्यावर बसवली जाते. म्हणून या लेखात मी एकच यादी घेऊन तिन्ही पद्धती तिच्यावर शेवटपर्यंत चालवणार आहे, आणि जिथे जागा पुरेशी असूनही प्रोसेस बसत नाही तिथून प्रोसेस हलवून मोकळी जागा सलग करण्याचे, म्हणजे कॉम्पॅक्शनचे, गणित पत्त्यांसकट करणार आहे.

## मांडणी

आपली मेमरी एकूण २४०० केबी आहे असे धरू. ० ते ३०० या भागात ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि उरलेल्या भागात पाच जुन्या प्रोसेस चालू आहेत: अ ४८० ते ६४०, ब १०६० ते १२००, क १४५० ते १६८०, ड १८०० ते २००० आणि इ २३३० ते २४००. प्रत्येक ठिकाणी दुसरा आकडा म्हणजे त्या भागानंतरचा पहिला पत्ता, त्यामुळे दोन्हींची वजाबाकी केली की आकार थेट मिळतो. या प्रोसेसच्या मधल्या फटी म्हणजे आपले होल. पत्त्यांच्या क्रमाने त्यांचे आकार असे आहेत:

१८०, ४२०, २५०, १२०, ३३०

बेरीज १३०० केबी. कोणतीही पद्धत चालवण्याआधी ही बेरीज कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी, कारण पुढे प्रत्येक टप्प्यावर ताळा तिच्याशीच करायचा आहे.

नव्या चार प्रोसेस याच क्रमाने येतात: पी-१ ला २१० केबी, पी-२ ला २४०, पी-३ ला ११५ आणि पी-४ ला ४०० केबी हवे आहेत. चौघींची बेरीज ९६५ केबी, म्हणजे मोकळ्या १३०० पेक्षा बरीच कमी. दरम्यान जुनी कोणतीही प्रोसेस संपत नाही असे धरू.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. प्रश्नात 'होल' म्हटले असेल, तर उरलेला तुकडा पुन्हा वापरता येतो. 'फिक्स्ड पार्टिशन' म्हटले असेल, तर एका पार्टिशनमध्ये एकच प्रोसेस बसते आणि उरलेली जागा आतल्या आत वाया जाते. आकडे तेच असले तरी ही दोन गणिते वेगळी आहेत. आपण पहिले सोडवत आहोत.

## फर्स्ट फिट

नियम साधा आहे: यादी पहिल्या पत्त्यापासून पाहत जायची आणि प्रोसेस मावेल असा पहिला होल मिळाला की थांबायचे. पी-१ ला २१० हवेत. पहिला होल १८० चा आहे, तो पुरत नाही. दुसरा ४२० चा आहे, तिथे ती बसते आणि २१० उरतात. यादी आता १८०, २१०, २५०, १२०, ३३० अशी झाली. हा बदल लिहिल्याशिवाय पी-२ कडे वळायचे नाही.

पी-२ ला २४० हवेत. १८० पुरत नाही आणि दुसऱ्या होलमध्ये आता २१० च आहेत, म्हणून तोही पुरत नाही. जुन्या यादीकडे पाहणारा विद्यार्थी इथेच पी-२ ला ४२० च्या होलमध्ये बसवून मोकळा होतो. प्रत्यक्षात ती २५० च्या होलमध्ये जाते आणि १० उरतात. पी-३ ला ११५ हवेत. शोध पुन्हा यादीच्या सुरुवातीपासून करायचा, त्यामुळे ती पहिल्याच १८० च्या होलमध्ये बसते आणि ६५ उरतात. मागच्या वेळी जिथे थांबलो तिथून पुढे शोधायचे असेल, तर त्या पद्धतीला नेक्स्ट फिट म्हणतात. तिची सरमिसळ इथे करू नये.

आता यादी ६५, २१०, १०, १२०, ३३० अशी आहे. पी-४ ला ४०० हवेत आणि सर्वांत मोठा होल ३३० चा आहे. पी-४ ला थांबावे लागते. बेरीज करून पाहिली तर ७३५ केबी मोकळे आहेत, म्हणजे १३०० मधून बसलेल्या तिघींचे ५६५ वजा केल्यावर जे उरतात तेच. ताळा जुळला. जागा आहे, पण सलग नाही. एक्स्टर्नल फ्रॅगमेंटेशन ते हेच.

## बेस्ट फिट

इथे प्रोसेस मावेल अशा सर्व होलमधला सर्वांत लहान होल निवडायचा. त्यासाठी संपूर्ण यादी पाहावी लागते. पहिला मावणारा होल मिळाला म्हणून थांबता येत नाही. पी-१ च्या २१० साठी ४२०, २५० आणि ३३० हे तिघे पात्र आहेत. त्यांतला लहान २५० चा, म्हणून तिथे ठेवल्यावर ४० उरतात. पी-२ च्या २४० साठी आता ४२० आणि ३३० राहिले. ३३० मध्ये ठेवल्यावर ९० उरतात. पी-३ चे ११५ हे १२० मध्ये बसतात आणि ५ उरतात. पी-४ आली तेव्हा ४२० चा होल अजून अखंड आहे, कारण लहान मागण्यांनी त्याला हातच लावलेला नाही. ४०० त्यात बसतात आणि २० उरतात.

यादी १८०, २०, ४०, ५, ९० अशी उरली, बेरीज ३३५. १३०० वजा ९६५ म्हणजे ३३५ च. चारही प्रोसेस बसल्या. मात्र उरलेल्या तुकड्यांकडे नीट पाहावे. ५ आणि २० केबींचे तुकडे कोणत्याही प्रोसेसच्या कामाचे नाहीत, तरी ते यादीत राहतात आणि पुढच्या प्रत्येक शोधात तपासावे लागतात. बेस्ट फिटचा दोष दिसतो तो असा: जितकी निवड नेमकी, तितका उरलेला तुकडा बारीक.

## वर्स्ट फिट

ही पद्धत त्याच दोषावर उपाय म्हणून सुचलेली आहे. सर्वांत मोठा होल तोडला, तर उरलेला तुकडाही वापरण्याजोगा मोठा राहील, हा तिच्यामागचा विचार. पी-१ ही ४२० मध्ये जाते आणि २१० उरतात. पी-२ च्या वेळी सर्वांत मोठा होल ३३० चा आहे, तिथे ९० उरतात. पी-३ च्या वेळी यादी १८०, २१०, २५०, १२०, ९० अशी आहे. सर्वांत मोठा २५० चा, म्हणून ११५ त्यात गेले आणि १३५ उरले. इथली ठरलेली चूक म्हणजे 'मोठा होल' मूळ यादीवरून ठरवणे. मोठा म्हणजे या क्षणी मोठा.

पी-४ साठी आता १८०, २१०, १३५, १२०, ९० आहेत. ४०० कुठेच मावत नाहीत. बेरीज पुन्हा ७३५. फर्स्ट फिटमध्येही ७३५ च उरले होते, पण तिथे सर्वांत मोठा तुकडा ३३० चा होता आणि इथे तो २१० चा आहे. मोठे होल आधी फोडल्यामुळे मोठी मागणी आली तेव्हा हाती मोठे काहीच उरले नाही.

## हा निकाल कितपत धरायचा

एवढे गणित झाले की वर्गातून 'म्हणजे बेस्ट फिट सर्वांत चांगली' असे उत्तर येते. ते खोडायला मी दुसरी यादी काढत नाही. यादी तीच ठेवतो आणि फक्त मागण्या बदलतो: २३०, १८५, २४५, ३२५.

बेस्ट फिटने २३० हे २५० मध्ये जातात आणि २० उरतात, १८५ हे ३३० मध्ये जातात आणि १४५ उरतात, २४५ हे ४२० मध्ये जातात आणि १७५ उरतात. मग ३२५ साठी जागाच नाही, जरी एकूण ६४० केबी मोकळे असले तरी. फर्स्ट फिटने २३० हे ४२० मध्ये जातात आणि १९० उरतात, त्याच १९० मध्ये १८५ बसतात, २४५ हे २५० मध्ये आणि ३२५ हे ३३० मध्ये. चारही बसल्या. वर्स्ट फिट इथेही चौथ्या मागणीला अडते. ते वाचकांनी स्वतः करून पाहावे, अखेरची यादी १८०, १९०, ५, १२०, १४५ यायला हवी.

म्हणजे एका उदाहरणावरून पद्धतीची लायकी ठरत नाही. मागण्यांचे आकार आणि त्यांचा क्रम निकाल फिरवतात. फर्स्ट फिटच्या बाजूने एक भक्कम मुद्दा मात्र उरतो, तो शोधाच्या वेळेचा. ती मधेच थांबते, बाकीच्या दोघींना पूर्ण यादी पाहावी लागते. यादी आकाराच्या क्रमाने लावून ठेवली तर त्यांचाही शोध लवकर होतो, पण मग प्रोसेस संपल्यावर तिच्या शेजारचे होल कोणते हे शोधणे अवघड होते, कारण शेजार पत्त्यावरून ठरतो, आकारावरून नव्हे.

हाताने सोडवलेले उत्तर तपासायला हा छोटा प्रोग्रॅम पुरतो. `jobs` मधले आकडे बदलून दुसरा संचही चालवता येतो.

```python
holes = [180, 420, 250, 120, 330]
jobs  = [210, 240, 115, 400]

def run(pick):
    h = holes[:]
    for j in jobs:
        fit = [i for i in range(len(h)) if h[i] >= j]
        if not fit:
            print(j, "wait", sum(h))
            continue
        i = pick(fit, h)
        h[i] -= j
        print(j, i + 1, h)

run(lambda f, h: f[0])
run(lambda f, h: min(f, key=lambda i: h[i]))
run(lambda f, h: max(f, key=lambda i: h[i]))
```

## कॉम्पॅक्शन: फर्स्ट फिट जिथे अडली तिथून पुढे

पहिल्या संचातली फर्स्ट फिटची स्थिती पुन्हा घेऊ. नवी प्रोसेस होलच्या सुरुवातीला ठेवायची हा संकेत पाळला, तर पी-३ ही ३०० पासून, पी-१ ही ६४० पासून आणि पी-२ ही १२०० पासून सुरू होते. होल ४१५ ते ४८०, ८५० ते १०६०, १४४० ते १४५०, १६८० ते १८०० आणि २००० ते २३३० असे आहेत. पी-४ थांबलेली आहे.

इथे एक घोटाळा आधी दूर करतो. समजा या क्षणी ड संपली. तिच्या अलीकडे १२० चा आणि पलीकडे ३३० चा होल आहे, त्यामुळे १६८० ते २३३० असा ६५० चा एकच होल तयार होईल आणि पी-४ लगेच बसेल. यात एकही बाइट हलवलेला नाही. शेजारचे होल फक्त जोडले. याला कॉम्पॅक्शन म्हणत नाहीत. चालू असलेली प्रोसेस तिच्या जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवावी लागते तेव्हाच ते कॉम्पॅक्शन होते.

सगळ्या प्रोसेस खालच्या पत्त्यांकडे सरकवायच्या असतील, तर रीत अशी: प्रत्येक प्रोसेसच्या अलीकडे जेवढे मोकळे केबी आहेत त्यांची बेरीज करायची आणि तेवढ्याने तिला मागे आणायचे.

| प्रोसेस | आकार | जुना आरंभ | सरक | नवा आरंभ |
|---|---|---|---|---|
| पी-३ | ११५ | ३०० | ० | ३०० |
| अ | १६० | ४८० | ६५ | ४१५ |
| पी-१ | २१० | ६४० | ६५ | ५७५ |
| ब | १४० | १०६० | २७५ | ७८५ |
| पी-२ | २४० | १२०० | २७५ | ९२५ |
| क | २३० | १४५० | २८५ | ११६५ |
| ड | २०० | १८०० | ४०५ | १३९५ |
| इ | ७० | २३३० | ७३५ | १५९५ |

इ आता १६६५ ला संपते, म्हणून १६६५ ते २४०० असा ७३५ चा अखंड होल मिळतो. शेवटच्या ओळीतली सरक आणि एकूण मोकळी जागा हे दोन्ही आकडे ७३५ च आले आहेत, आणि सर्वांत वरची प्रोसेस मेमरीच्या टोकाला टेकलेली असेल तर ते सारखे यायलाच हवेत. सारखे आले नाहीत तर मधला एखादा होल मोजायचा राहिला आहे. पी-४ ही १६६५ पासून २०६५ पर्यंत बसते आणि ३३५ उरतात.

हलवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. खालच्या पत्त्याची प्रोसेस आधी हलवायची. क च्या आधी ड ला १३९५ वर आणले, तर १४५० पासूनचा क चा मजकूर पुसला जाईल. एकाच प्रोसेसच्या आतही हाच धोका असतो. अ चा जुना भाग ४८० ते ६४० आहे आणि नवा ४१५ ते ५७५, म्हणजे दोन्ही ४८० ते ५७५ मध्ये एकमेकांवर येतात. म्हणून कॉपी खालच्या बाइटपासून वर करत जायची. सी मध्ये असे करताना `memcpy` वापरू नये, `memmove` वापरावे, कारण एकमेकांवर येणाऱ्या भागांसाठी `memcpy` चा निकाल निश्चित नसतो.

प्रोसेस हलली तरी तिला ते कळता कामा नये. हे शक्य होते ते प्रोसेसचा आरंभीचा पत्ता धरून ठेवणाऱ्या बेस रजिस्टरमुळे. अ चा बेस ४८० होता, तो ४१५ केला. लिमिट, म्हणजे आकार, १६० तसाच राहिला. अ ने स्वतःच्या आतल्या ५० या पत्त्यावर काही ठेवले असेल, तर ते आधी प्रत्यक्ष मेमरीत ५३० वर होते, आता ४६५ वर आहे. अ च्या दृष्टीने तो पत्ता अजूनही ५० च. पत्त्यांची ही बेरीज जर प्रोसेस लोड होतानाच कायमची करून टाकली असेल, तर कॉम्पॅक्शन करता येत नाही. ही बेरीज, म्हणजे रिलोकेशन, प्रोसेस चालू असताना होत असेल तरच ते शक्य आहे.

## हमालीचा प्रश्न

हे कोष्टक फळ्यावर असताना माझ्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न मी तेव्हापासून दरवर्षी सांगतो. त्याचे वडील मार्केट यार्डात हळदीच्या गोदामावर हमाली करतात. तो म्हणाला, "सर, थप्पी एका जागेवरनं दुसऱ्या जागेवर लावायची म्हटलं की पोत्यामागं हमाली पडते. इथली हमाली कोण देतं?"

प्रश्न अगदी नेमका होता. इथली हमाली प्रोसेसर आपल्या वेळेने देतो आणि ती हललेल्या बाइटवर मोजायची असते, किती होल बुजले त्यावर नव्हे. वरच्या कोष्टकात पी-३ सोडून सगळ्या हलल्या, म्हणजे १६० + २१० + १४० + २४० + २३० + २०० + ७० = १२५० केबी. एक बाइट वाचून नव्या जागी लिहायला २०० नॅनोसेकंद लागतात असे प्रश्नात दिले असेल, तर १२५० × १०२४ = १२,८०,००० बाइटना ०.२५६ सेकंद लागतील. तेवढा वेळ हलणारी कोणतीही प्रोसेस पुढे सरकत नाही.

मी त्याला म्हणालो, "तुझे वडील चारशे पोत्यांची जागा करायला सगळं गोदाम हलवतील का?"

तो थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिला आणि मग उठून त्याने इ भोवती गोल काढला. इ फक्त ७० केबींची आहे आणि ती नेमकी टोकाला, ३३० च्या होलच्या पलीकडे बसली आहे. तिला उचलून १६८० च्या १२० च्या होलमध्ये ठेवले, तर २००० ते २४०० असा बरोबर ४०० केबींचा सलग भाग मोकळा होतो. पी-४ तिथे बसते. हलले फक्त ७० केबी, म्हणजे ७१,६८० बाइट. त्याच दराने सुमारे ०.०१४ सेकंद. इ चा बेस २३३० ऐवजी १६८० करायचा, एवढाच नोंदीतला बदल.

या मार्गाने उरलेले होल ६५, २१०, १० आणि ५० असे राहतात. बेरीज ३३५ च, पण विखुरलेली. पूर्ण कॉम्पॅक्शनमध्ये तेच ३३५ सलग मिळाले होते. लगेच पाठोपाठ ३०० केबींची प्रोसेस येणार असेल, तर स्वस्तातला हा मार्ग पुन्हा हलवाहलव करायला लावील. पुढे काय येणार हे माहीत नसताना मी विद्यार्थ्यांना आधी हा प्रश्न विचारायला सांगतो: हवा तेवढा सलग भाग किमान किती केबी हलवून मिळतो? त्यासाठी होलला लागून असलेली प्रोसेस एकेक करून पाहावी, आणि ती दुसऱ्या एखाद्या होलमध्ये मावते का हे तपासावे. ड ला १२० ने मागे सरकवूनही ४५० चा होल मिळतो, पण त्याला २०० केबी हलवावे लागतात. अ आणि पी-१ यांना ६५ ने मागे आणले, तर ३७० केबी हलवून हाती फक्त २७५ चा होल येतो, म्हणजे तो प्रयत्न फुकट.

## जी हलवता येत नाही ती प्रोसेस

क या क्षणी डिस्कवरून थेट स्वतःच्या मेमरीत माहिती घेत आहे असे धरू. हे काम करणाऱ्या डीएमए कंट्रोलरला १४५० ते १६८० मधला प्रत्यक्ष पत्ता दिलेला आहे आणि बेस रजिस्टर बदलल्याचे त्याला कळत नाही. अशा वेळी क हलवली, तर येणारी माहिती जुन्या पत्त्यावर, म्हणजे तिथे आता जी कोणी असेल तिच्या जागेत लिहिली जाईल. दोष दिसेल तो भलत्याच प्रोसेसमध्ये, आणि तोही काही वेळाने, त्यामुळे त्याचे मूळ सापडणे फार कठीण जाते. म्हणून असे काम चालू असेपर्यंत ती प्रोसेस जागेवर खिळवून ठेवतात, किंवा माहिती आधी ऑपरेटिंग सिस्टीमच्या स्वतःच्या बफरमध्ये घेतात आणि मग प्रोसेसकडे देतात.

क खिळलेली धरून कोष्टक पुन्हा करावे. तिच्या खालचा भाग पूर्वीसारखाच सरकतो आणि पी-२ ही ११६५ ला संपते, म्हणजे ११६५ ते १४५० असा २८५ चा होल राहतो. क च्या वर ड ही १६८० वर आणि इ ही १८८० वर येते, आणि १९५० ते २४०० असा ४५० चा होल मिळतो. २८५ आणि ४५० मिळून ७३५. पी-४ चे ४०० यातही बसतात, आणि त्यासाठी खरे तर क च्या वरच्या फक्त ड आणि इ, म्हणजे २७० केबी, हलवले तरी पुरते. मात्र मागणी ५०० ची असती, तर नुसत्या सरकवण्याने भागले नसते: क चे डिस्कचे काम संपेपर्यंत थांबावे लागले असते, किंवा ड ला उचलून क च्या खालच्या होलमध्ये ठेवावे लागले असते.